मदत हवी आहे: तीस मीटर उंचीची काटेसावर छायाचित्रात साधी का दिसते, आणि माणूस नेमका कुठे उभा करावा?

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यातील एका गावात राहते आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे काम पाहते. लोकजैवविविधता नोंदवहीसाठी गावातील जुन्या झाडांची छायाचित्रे आम्ही जमवत आहोत. त्यांतील एक काटेसावर नाल्याच्या काठावर, धानाच्या बांध्यांच्या टोकाला उभी आहे. आमच्या भागातील वनरक्षकांनी काठीच्या रीतीने मोजून तिची उंची 30 मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले. बुंध्यातून निघालेल्या फळ्यांसारख्या मुळांच्या भिंती माझ्या खांद्यापर्यंत येतात आणि दोन भिंतींच्या मधल्या खोबणीत बकरी सहज बसते.

अडचण अशी आहे की छायाचित्रात यातले काहीही उतरत नाही. माझ्याकडे साधा मोबाईल आहे आणि त्यात 0.5, 1 आणि 2 असे तीन पर्याय दिसतात. झाड पूर्ण यावे म्हणून मी बुंध्यापासून दहा-बारा मीटरवर उभी राहून 0.5 लावते, मोबाईल वर कलवते, आणि मोजमाप कळावे म्हणून माझ्या भावाला झाडाजवळ उभे करते. चित्रात झाडाचा शेंडा आखडून जातो, बुंधा फुगतो आणि भाऊ झाडाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा दिसतो. ज्यांनी ती सावर पाहिलेली नाही त्यांना हे अंगणातील एखादे बरे वाढलेले झाड वाटेल. नोंदवहीत छायाचित्र साधारण सहा इंच उंचीचे लागेल आणि त्याचाच मोठा फलक ग्रामपंचायतीसमोर लावायचा आहे. सध्या झाडाची पाने गळलेली आहेत, फुले आली आहेत आणि धान कापून झाल्यामुळे बांध्या मोकळ्या आहेत. पाने फुटण्यापूर्वी हे काम व्हावे अशी इच्छा आहे. माणूस कुठे उभा करावा आणि मी कुठे उभे राहावे, हे कृपया कुणी सांगेल का?

सातपुडा_पायवाट

ताई, दोष त्या 0.5 च्या भिंगाचा आहे. रुंद कोनाचे भिंग प्रत्येक वस्तू लहान करते आणि कडेच्या वस्तू ताणते, त्यामुळे मोठ्या झाडासाठी ते कधीच वापरू नये. शक्य तितके लांब जाऊन 2 वर घ्या, तेवढ्याने काम होईल. मी पक्ष्यांची छायाचित्रे घेतो आणि लांबच्या भिंगात मागच्या टेकड्या कशा अंगावर आल्यासारख्या दिसतात हे रोज पाहतो.

निवृत्त_वनकर्मचारी

वारसा वृक्षाची नोंद करायची असेल तर छायाचित्रापेक्षा घेराला महत्त्व आहे. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात, परंतु सावरीसारख्या झाडाला त्या उंचीवर मुळांच्या भिंती असतील तर टेप त्यांच्या वर, बुंधा गोल होतो तिथे लावावा आणि ती उंची नोंदीत लिहावी. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर 50 वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानतात, त्यानुसार तुम्ही अर्ज करून ठेवावा.

वैनगंगाकाठ

काका, घेराची माहिती उपयोगाची आहे आणि टेप कुठे लावावा हा प्रश्न आम्हाला खरोखरच पडला होता. ती दुरुस्ती मात्र नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या कायद्यात झालेली आहे आणि आमचे गाव ग्रामपंचायतीत येते. माझा प्रश्न सध्या छायाचित्रापुरताच आहे.

उभी_रेघ

मी अनेक वर्षे इमारतींची आणि जुन्या देवळांची छायाचित्रे घेण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सातपुडा यांचे लांब जाण्याचे सांगणे बरोबर आहे, पण त्याचे कारण भिंगात नाही. मोबाईल अगदी सरळ उभा धरला, म्हणजे त्याची पाठ बुंध्याला समांतर राहिली, आणि माणूस बुंध्याच्या अगदी शेजारी, तुमच्यापासून बुंध्याइतक्याच अंतरावर उभा असला, तर कोणत्याही भिंगातून आणि कोणत्याही अंतरावरून झाड आणि माणूस यांचे प्रमाण तेच राहते. तुमचे झाड 30 मीटर आणि भाऊ 1.65 मीटर असेल तर चित्रात झाड त्याच्या 18 पट येईल, मग भिंग 0.5 असो वा 2. हे प्रमाण दोन गोष्टींनी बिघडते. एक म्हणजे मोबाईल वर कलवणे आणि दुसरी म्हणजे माणूस झाडाच्या पुढे, तुमच्या बाजूला सरकणे.

पहिली गोष्ट तुमच्याच उदाहरणावर पाहू. तुम्ही बुंध्यापासून 12 मीटरवर उभ्या आहात, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि झाड चौकटीत बसावे म्हणून तो साधारण 30 अंश वर कलवला आहे. पाया तुमच्या जवळ आहे आणि शेंडा खूप दूर आहे. कलवलेला मोबाईल हा फरक चित्रात उतरवतो, त्यामुळे पायाशी असलेला माणूस मोठा येतो आणि वरचे खोड आखडते. मी हिशेब केला तर 18 पटीचे प्रमाण आठ पटीच्याही किंचित खाली उतरते. तुम्ही जो सातवा-आठवा हिस्सा म्हणता तो हाच आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक झाड त्या कलण्याने खाल्ले.

दुसऱ्या गोष्टीचा हिशेब सोपा आहे. याच 12 मीटरच्या अंतरात भाऊ झाडापासून तीन मीटर पुढे आला, तर तो तुमच्यापासून नऊ मीटरवर राहतो आणि तेवढ्यानेच एक तृतीयांशाने मोठा दिसतो. तुम्ही 45 मीटरवर असाल तर तीच तीन मीटरची चूक शेकडा सात एवढीच भरते. लांब जाण्याचा खरा फायदा इथे आहे: कलवावे कमी लागते आणि माणूस थोडा पुढेमागे झाला तरी चालून जाते.

आता काय करावे ते सांगतो. मोकळ्या बांध्यांतून मागे 45 मीटरपर्यंत जा, मोबाईल उभा धरा, 1 लावा आणि तो मुळीच कलवू नका. बहुतेक मोबाईलच्या 1 च्या भिंगात एवढ्या अंतरावरून झाडाचा शेंडा चौकटीच्या वरच्या कडेखाली जेमतेम मावतो. चौकटीचा खालचा अर्धा भाग नुसत्या बांधीने भरलेला दिसेल. तो नंतर कापून टाका. मोबाईल खरोखर सरळ आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी, की दूरची जमीन आणि आकाश मिळतात ती रेघ चौकटीच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. झाडी आड येत असेल तर चौकटीच्या दोन्ही कडांना विजेचे खांब येतात का ते पाहा. ते वर जाताना एकमेकांकडे झुकत असतील तर मोबाईल कललेला आहे.

वैनगंगाकाठ

सर, इतक्या आपुलकीने हिशेब करून सांगितल्याबद्दल आभार. एक शंका आहे. अर्धी चौकट कापून टाकल्यावर झाड लहान उरणार नाही का? आम्हाला फलकही करायचा आहे.

उभी_रेघ

शंका योग्य आहे. तुमचा मोबाईल 4000 पिक्सेल उंचीचे चित्र देत असेल, तर 45 मीटरवरून झाडाला त्यातले सुमारे 2000 आणि भावाला 110 मिळतील. सहा इंची छापील चित्रासाठी हे पुष्कळ आहे, तिथे तो सात-आठ मिलिमीटरचा दिसेल आणि हातपाय ओळखू येतील. चार फुटी फलकावर तो साडेसहा सेंटिमीटरचा होईल आणि जवळून पाहिल्यास थोडा धूसर वाटेल. फलक दोन-तीन मीटरवरून पाहतात, त्यामुळे मला ते चालण्यासारखे वाटते.

मध्यम मार्गही आहे. 50 मीटरवर जा, 2 लावा आणि साधारण 14 अंश कलवा. झाड चौकटीत बऱ्यापैकी भरून येईल आणि प्रमाण 18 ऐवजी 16 पट राहील. 12 मीटरवरच्या आठ पटीपेक्षा हे कितीतरी बरे. मात्र तुमच्या मोबाईलमधले 2 हे वेगळे भिंग आहे की त्याच चित्राचे मोठे केलेले काप आहे, हे पाहून घ्या. भिंगावर बोट ठेवून पाहिले की कळते: 1 चे भिंग झाकल्यावर 2 मध्येही काळोख झाला तर ते काप आहे, आणि मग तपशिलात सहसा फारशी भर पडत नाही. ही परीक्षा भर उजेडात करा, कारण अंधारात काही मोबाईल आपणहून भिंग बदलतात.

नोंदवहीसाठी सरळ धरलेले आणि फलकासाठी हे, अशी दोन्ही चित्रे घ्यावीत असे माझे मत आहे.

रंगपेटी

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. भव्यता दाखवायची असेल तर आकडे बाजूला ठेवावेत असे मला वाटते. अठराव्या शतकात पिरानेसी या इटालियन कलावंताने रोममधील पडक्या वास्तूंची कोरीव चित्रे केली. त्यांत पडक्या भिंतींखाली वावरणारी माणसे त्याने प्रत्यक्षाहून लहान काढली, त्यामुळे त्या वास्तू होत्या त्याहून प्रचंड वाटतात. आपल्या झाडाखाली माणूस थोडा लहान काढला तर परिणाम त्वरित साधेल. छायाचित्रात हेच करायचे तर भावाऐवजी सात-आठ वर्षांचे मूल उभे करावे. पाहणारा दुरून त्याला मोठे माणूसच समजेल.

दुसरे असे, की शेंडा चौकटीबाहेर जाऊ द्यावा. झाड कुठे संपते हे दिसले की डोळा समाधान पावतो. वरची कड खोडाला कापून गेली तर उरलेले झाड पाहणारा मनाने वाढवतो.

उभी_रेघ

शेंडा कापण्याबद्दल मी सहमत आहे, पण फलकापुरता. नोंदवहीत झाड पूर्ण आले पाहिजे, कारण वीस वर्षांनी कुणी तेच झाड पुन्हा टिपले तर फांद्या जुळवून पाहता याव्यात.

मुलाबद्दल मात्र सहमत होता येत नाही. सर, आपण ज्या कलावंताचे उदाहरण दिले त्याने चित्र काढले होते. नोंदवहीतील छायाचित्र हा पुरावा आहे. सव्वा मीटरच्या मुलाला मोठे माणूस समजून कुणी हिशेब केला तर 30 मीटरची सावर जवळजवळ 40 मीटरची ठरेल, आणि ज्या दिवशी कुणी प्रत्यक्ष मोजेल त्या दिवशी नोंदवहीतल्या बाकीच्या झाडांवरचाही विश्वास उडेल. मोठे माणूस घ्यावे आणि त्याची उंची चित्राखाली लिहावी.

रंगपेटी

नोंदवहीपुरते मान्य आहे. फलक पाहणाऱ्याला मात्र झाडापाशी उभे राहिल्यावर जे वाटते ते वाटायला हवे, आणि 18 पट हा आकडा ते वाटणे देत नाही. झाडाखाली उभे असताना आपण मान वर करतो, शेंडा आखडलेलाच दिसतो, तरीही झाड मोठे भासते. कलते चित्र हे सर्वस्वी खोटे असते असे म्हणता येणार नाही.

सातपुडा_पायवाट

माझे भिंगाबद्दलचे म्हणणे अर्धवट होते हे कळले. माझी अडचण मांडतो. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर दिल्ली दरवाजाचे छायाचित्र घ्यायचे असते. वर गंडभेरुंडाचे शिल्प आहे आणि ते दाखवायचेच असते. पण दरवाजासमोर मागे सरकायला जागाच नाही, तिथे 45 मीटर कुठून आणायचे? माणूस कमानीत उभा केला तर तो पुष्कळ मोठा दिसतो.

उभी_रेघ

जागा नसेल तर 0.5 चे भिंग हाच उपाय आहे, मात्र ते सरळ धरायचे. दरवाजाची उंची झाडापेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे रुंद भिंगाला सहसा कलवावे लागत नाही. चौकटीच्या खालच्या अर्ध्यात फरशी येईल, ती कापावी. माणूस कमानीच्या तोंडाशी, शिल्पाच्या बरोबर खाली, दगडाच्या दर्शनी भिंतीच्याच रेषेत उभा करावा. तो दोन पावले तुमच्या बाजूला आला की इतक्या कमी अंतरात मोठा फरक पडतो. तरीही मावत नसेल तर कललेले चित्र नंतर ॲपमध्ये उभ्या रेघा सरळ करून घेता येते. वरचा भाग ताणला जाऊन थोडा धूसर होतो आणि काही ॲप चित्राची उंची चुकीची ताणतात, म्हणून चित्रात दोन मीटरची खूण केलेला बांबू वर आणि खाली कुठे दिसत असेल तरच त्या प्रमाणावर विसंबावे.

मागे सरकायला जागा नसताना प्रमाण कसे राखावे याचे एक मोठे उदाहरण आहे. अमेरिकेतील सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात प्रेसिडेंट नावाचा सुमारे 75 मीटर उंचीचा वृक्ष आहे. दाट झाडीत तो एका चौकटीत बसत नव्हता. मायकेल निकोल्स यांनी कॅमेरा दोरांवरून उभा सरकवत नेऊन 126 चित्रे घेतली आणि ती जोडून एक अखंड चित्र केले. ते डिसेंबर 2012 च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. कॅमेरा वर कलण्याऐवजी स्वतःच वर गेला, त्यामुळे वरचे खोड आखडले नाही. शिवाय माणसे केवळ पायथ्याशी न ठेवता खोडावर आणि फांद्यांवरही होती. त्यांचे कपडे रंगीत होते, आणि पाहणाऱ्याला शेंड्याच्या आसपासही माणूस सापडतो. तिथवर डोळा माणसाच्या मापाने चढत जातो.

मोहफूल

आमच्या गोंदियाकडे मोहाची मोठी झाडे आहेत आणि मीही असेच छायाचित्र घेतले होते. प्रमाण बरोबर होते, पण माणूस कुणाला दिसलाच नाही! पाठवल्यावर सगळ्यांनी विचारले की यात दाखवायचे काय आहे. तेव्हा माणूस दिसेल कसा, याबद्दलही कुणी लिहावे.

उभी_रेघ

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो माझ्याकडून राहिला होता. मोबाईलवरून पाठवताना चित्राची उंची 1600 पिक्सेलपर्यंत उतरली आणि झाडाने त्यातले 1440 व्यापले, तर माणसाला 80 च पिक्सेल उरतात. एवढ्यात माणूस सापडतो तो चेहऱ्याने सापडत नाही, तर बाह्यरेषेने आणि मागच्या पार्श्वभूमीशी असलेल्या फरकाने सापडतो. पाय थोडे फाकलेले, एक हात शरीरापासून सुटा आणि मागे एकसारख्या रंगाचा पट्टा असावा. दोन्ही हात चिकटवून उभा असलेला माणूस एवढ्या मापात खुंटासारखा दिसतो.

वैनगंगाकाठ

सर्वांच्या सूचनांप्रमाणे आज सकाळी छायाचित्रे घेतली, म्हणून लिहिते.

बांध्या मोजत मागे गेले. 45 मीटरवर एक धुरा आडवा येतो, त्यावर उभी राहिले. मोबाईल सरळ धरल्यावर शेंडा वरच्या कडेला टेकत होता, म्हणून आणखी दोन पावले मागे झाले. भाऊ आधी पांढरा सदरा घालून आला होता. सावरीची साल राखाडी आहे आणि सकाळचे ऊन थेट तिच्यावर होते, त्यामुळे पांढरा रंग सालीत मिसळून गेला. मग त्याने शेजाऱ्यांचा लाल दुपट्टा घेतला, तर खाली पडलेल्या फुलांचा सडा लालच होता आणि कमरेखालचा भाग त्यात हरवला. शेवटी त्याला मुळांच्या दोन भिंतींमधील खोबणीच्या तोंडाशी उभे केले. तिथे सावली गडद होती, आणि तोच पांढरा सदरा तिच्यावर स्पष्ट उठून दिसला. त्याचा एक हात मुळाच्या भिंतीवर टेकलेला होता. मोबाईलवरच चित्र मोठे करून झाड आणि भाऊ मोजले, तर झाड भावाच्या साडेसतरा पट आले. भाऊ खोबणीत असल्यामुळे बुंध्याच्या मध्यापेक्षा मीटरभर पुढे असावा.

काल तेच झाड दहा-बारा मीटरवरून घेतलेले चित्र शेजारी ठेवून घरच्यांना दाखवले. आईने नव्या चित्रात आधी झाड पाहिले, मग भाऊ शोधला आणि विचारले, "हा एवढासा कोण उभा आहे?" 2 लावून 50 मीटरवरून घेतलेले चित्रही चांगले आले आहे, पण आमच्या मोबाईलमध्ये 2 चे वेगळे भिंग नाही, हे बोट ठेवल्यावर कळले.

आता दोन गोष्टी उरतात. नोंदवहीसाठी सरळ चित्र ठरले. फलकासाठी समितीत दोन मते आहेत. काहींना रंगपेटी सरांच्या म्हणण्याप्रमाणे शेंडा चौकटीबाहेर गेलेले, खालून वर पाहिलेले चित्र हवे आहे आणि काहींना हेच सरळ चित्र. दुसरे म्हणजे, फलकावर भावाची उंची लिहिल्यास लोकांना ती उपयोगाची वाटेल की अडगळ?

निवृत्त_वनकर्मचारी

उंची जरूर लिहावी आणि छायाचित्र घेतल्याचा महिना व वर्षही लिहावे. तुमच्या हिशेबाची पडताळणी करायची असेल तर भावाच्या जागी दोन मीटरवर ठळक पट्टा मारलेला बांबू उभा करून, त्याच धुऱ्यावरून एक चित्र घेऊन ठेवा. शेंडा बुंध्याच्या अगदी वर नसून एखाद्या बाजूला, तुमच्याकडे झुकलेला असेल तर झाड चित्रात खऱ्यापेक्षा किंचित उंच भरेल. म्हणून नाल्याच्या पलीकडूनही एक चित्र घेता आले तर पाहावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी लिहावीत.

रंगपेटी

फलकासाठी माझे मत कायम आहे. दोन्ही चित्रे फलकाच्या मापाच्या कागदावर साधी छापून चार दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावीत आणि ज्यांनी ती सावर पाहिलेली नाही, अशा बाहेरगावच्या माणसांना झाड किती उंच वाटते ते विचारावे.

वैनगंगाकाठ

नाल्याच्या पलीकडे सध्या मोहफुले वेचण्यासाठी जागा साफ करण्याचे काम चालू आहे, तिकडून मागे किती सरकता येते हे उद्या पाहते. बाहेरगावच्या लोकांना विचारण्याची सूचना समितीपुढे ठेवते आणि त्यांची उत्तरे इथेच लिहिते.